वाढलेलं विकायचं, पडलेलं घ्यायचं

३१ डिसेंबर २००७ला सेन्सेक्स २०,२८७वर बंद झाला. चार वर्षांपूर्वी, २००३ संपताना, तोच आकडा ५,८३९ होता. म्हणजे बाजारात जो नुसता बसून राहिला, त्याचे पैसे जवळजवळ साडेतीनपट झाले होते. त्या दिवसांत लोकलच्या डब्यात शेअर, लग्नाच्या पंगतीत शेअर. जानेवारी २००८मध्ये रिलायन्स पॉवरचा आयपीओ आला आणि उघडल्यावर काही मिनिटांतच भरून वाहिला. अशा वेळी कुणी म्हटलं असतं, की "मी माझ्या शेअर फंडातले पावणेदोन लाख काढून साध्या व्याजाच्या रोख्यांत टाकले," तर ऐकणाऱ्याने त्याच्याकडे कीव करून पाहिलं असतं.

वर्षातून एकदा रिबॅलन्सिंग करणाऱ्या माणसाला नेमकं हेच करायचं असतं. आपल्या पैशांचा किती भाग शेअरमध्ये आणि किती भाग मुदत ठेवी, रोखे, पीपीएफ अशा स्थिर ठिकाणी ठेवायचा, हे आधी ठरवायचं. वर्षभर बाजार ते प्रमाण इकडेतिकडे करतो. वर्षाच्या शेवटी जे फुगलं ते थोडं विकायचं आणि जे मागे पडलं त्यात टाकायचं, की ठरलेलं प्रमाण पुन्हा जागेवर येतं. कृती तेवढीच. अवघड आहे ते विकायला हात न धजणं.

दोन बहिणींची कल्पना करू. वडिलांची जमीन विकली गेली आणि २००३च्या अखेरीस दोघींच्या वाट्याला दहा-दहा लाख रुपये आले. दोघींनी निम्मे पैसे सेन्सेक्सच्या इंडेक्स फंडात घातले आणि निम्मे सुरक्षित व्याजावर. बहिणी कल्पनेतल्या असल्या तरी सेन्सेक्सचे पुढचे आकडे खरे आहेत. व्याज हिशेबाच्या सोयीसाठी दर वर्षी ७ टक्के धरलं आहे. लाभांश, फंडाचा खर्च आणि कर सोडून दिले आहेत. थोरलीने दर ३१ डिसेंबरला निम्मं-निम्मं परत करायचं ठरवलं. धाकटीने ठरवलं की हात लावायचा नाही, पैसा वाढतोय तर वाढू दे.

पहिल्या वर्षी सेन्सेक्स १३ टक्के वाढला. थोरलीला जेमतेम पंधरा हजारांचा फंड विकावा लागला, त्यात मनाला लागण्यासारखं काही नव्हतं. पुढची तीन वर्षं मात्र बाजार ४२, ४७ आणि पुन्हा ४७ टक्के असा धावला. थोरलीने २००५च्या शेवटी सुमारे ९७ हजार, २००६च्या शेवटी १ लाख ३६ हजार आणि २००७च्या शेवटी १ लाख ७५ हजार रुपये शेअर फंडातून काढून व्याजाकडे वळवले. दर वेळी बाजार तिला पुढच्याच वर्षी खोटं पाडत होता, कारण विकलेला फंड विकल्यानंतर आणखी वर जात होता. २००७ संपताना तिच्याकडे २२ लाख ११ हजार होते आणि धाकटीकडे २३ लाख ९३ हजार. चार वर्षांच्या शिस्तीचं फळ पावणेदोन-दोन लाखांचा तोटा. "ताई, तू उगाच विकत बसलीस," असं धाकटी म्हणाली असती, तर त्या दिवशी तिचं चुकलं नसतं.

पण त्या दिवशी दोघींच्या खात्यांत आणखी एक फरक होता आणि तो एकूण रकमेत दिसत नाही. धाकटीच्या जवळपास २४ लाखांपैकी १७ लाख ३७ हजार शेअरमध्ये होते, म्हणजे ७३ टक्के. तिने निम्मी जोखीम निवडली होती आणि चार वर्षांत काहीही न करता ती पाऊणपट जोखमीवर जाऊन पोहोचली होती. तिने हे ठरवलं नव्हतं, ते तिच्यासाठी बाजाराने ठरवलं. शिवाय बाजार प्रमाण वाढवतो ते भाव सगळ्यात महाग होईपर्यंत. न विकणं म्हणजे काहीच न करणं असं आपल्याला वाटतं. ते तसं नाही. चढत्या बाजारात जो विकत नाही, तो दर वर्षी आपली जोखीम वाढवायला मूक संमती देत असतो. कुणी धाकटीला २००७च्या शेवटी २४ लाख रोख हातात देऊन विचारलं असतं की यातले किती शेअरमध्ये घालशील, तर "सव्वासतरा लाख" असं ती बहुधा म्हणाली नसती.

२००८मध्ये सेन्सेक्स २०,२८७वरून ९,६४७वर आला. घसरण ५२ टक्क्यांची. धाकटीचे २३ लाख ९३ हजार वर्षात १५ लाख २७ हजार झाले, साडेआठ लाखांहून जास्त गेले. थोरलीचे २२ लाख ११ हजार १७ लाख ९ हजारांवर आले, तिचे पाच लाख गेले. एकीला ३६ टक्क्यांचा फटका बसला, दुसरीला २३ टक्क्यांचा. रिबॅलन्सिंगचं मुख्य काम इथे संपतं. ते नुकसान टाळत नाही. पाच लाख जाणं काही सुखाचं नसतंच. पण जितकं सोसायचं म्हणून पहिल्या दिवशी मान्य केलं होतं, त्याच्या आसपासच सोसावं लागतं.

पुढचा भाग मला जास्त शिकवणारा वाटतो. ३१ डिसेंबर २००८ला थोरलीचा नियम उलट्या दिशेने लागू झाला. तिच्या शेअर फंडात उरले होते सव्वापाच लाख आणि व्याजाच्या बाजूला होते ११ लाख ८३ हजार. निम्मं-निम्मं करायचं तर व्याजाकडचे जवळपास ३ लाख २९ हजार काढून त्याच पडलेल्या फंडात घालायला हवेत. ते दिवस आठवून पाहा. सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली होती. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्याला जेमतेम महिना झाला होता. आणि पुढच्याच आठवड्यात, ७ जानेवारीला, सत्यमच्या संस्थापकांनी हिशेबांत घोटाळा केल्याची कबुली दिली. चढत्या काळात थोडं विकणं हे या खरेदीपुढे काहीच नाही.

थोरलीने धीर करून घेतले असं धरू. २००९मध्ये सेन्सेक्स ८१ टक्के वाढला आणि २०१०मध्ये आणखी १७ टक्के. २०१० संपताना तिच्याकडे २७ लाख ६१ हजार होते, धाकटीकडे २५ लाख ५९ हजार.

आता तिसऱ्या बाईचा हिशेब मांडून पाहू. तिने थोरलीसारखंच चार वर्षं नेमाने विकलं, पण २००८च्या शेवटी तिचा धीर सुटला. "बाजार जरा स्थिरावू दे, मग बघू," असं म्हणून तिने त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही काहीच हलवलं नाही. तिच्याकडे २०१०च्या शेवटी निघतात २४ लाख ७२ हजार. म्हणजे जिने कधीच काही केलं नाही त्या धाकटीपेक्षाही कमी. अर्धा नियम पाळणं हे नियम न पाळण्याहून महाग पडलं. चढताना विकल्यामुळे तिची वाढ हुकली, आणि त्या विकण्यातून जमलेला पैसा जिथे कामाला यायचा तिथे तिने तो वापरला नाही. एक गोष्ट तिच्या पदरात पडली हे कबूल करायला हवं, २००८चा फटका तिलाही थोरलीइतकाच कमी बसला. आणि बाजार स्थिरावला की तो कळवून येत नाही. १८ मे २००९च्या सोमवारी, लोकसभेच्या निकालानंतर, सेन्सेक्स एकाच दिवसात २,११० अंकांनी उसळला आणि व्यवहार थांबवावे लागले. वाट पाहणाऱ्यांना त्या दिवशी खरेदीला फटही मिळाली नाही.

मग वाढलेलं विकणं चुकीचं का वाटतं? इथे एक कोडं आहे. हर्श शेफ्रिन आणि मेअर स्टॅटमन या दोन अभ्यासकांनी १९८५मध्ये मांडलं की सामान्य गुंतवणूकदार वाढलेला शेअर फार लवकर विकतो आणि पडलेला उगाच कवटाळून बसतो. आपल्या ओळखीतही असे लोक असतात. शंभरचा शेअर एकशेवीस झाला की विकून मोकळे, आणि चाळीस झालेला मात्र "मुद्दल निघालं की काढतो" म्हणत वर्षानुवर्षं ठेवलेला. म्हणजे नफा घेणं माणसाला मुळात कठीण नाही, उलट ते आवडतंच. मग रिबॅलन्सिंगच्या वेळी तोच माणूस का अडतो?

माझ्या मते अडचण विकण्यात नसून त्या पैशाचं पुढे काय होतं यात आहे. शेअर विकून पैसे खात्यात आले की तो सौदा संपतो, जिंकल्याचं समाधान मिळतं. रिबॅलन्सिंगमध्ये सौदा संपत नाही. जे चाललंय त्यातून काढून, जे चालत नाहीये त्यात ते पैसे घालायचे असतात, आणि दोन्हींचे पुढचे आकडे दर महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये शेजारी शेजारी दिसत राहतात. विकलेला फंड आणखी वाढला तर ती चूक आपल्या हातून झाली असं वाटतं. न विकता तोच फंड पडला तर मात्र चूक बाजाराची. स्वतःच्या हाताने झालेलं नुकसान माणसाला जास्त बोचतं. ज्या हॅरी मार्कोविट्झना पोर्टफोलिओच्या गणिताबद्दल १९९०चं नोबेल मिळालं, त्यांनीही स्वतःच्या पेन्शनचे पैसे सुरुवातीला निम्मे शेअरमध्ये आणि निम्मे रोख्यांत टाकले होते. कारण म्हणून त्यांनी गणित सांगितलं नव्हतं. बाजार वर गेला आणि आपण बाहेर असलो, किंवा खाली गेला आणि आपण पूर्ण आत असलो, तर होणारी हळहळ कमी व्हावी, एवढंच ते म्हणाले होते. मला हे मोठं दिलासा देणारं वाटतं.

आता मर्यादा. थोरली शेवटी पुढे राहिली, याचं कारण मोठी घसरण आली आणि तिच्यामागून बाजार झपाट्याने सावरला. असं दर वेळी होत नाही. बाजार सलग दहा वर्षं बऱ्यापैकी चढत राहिला, तर न विकणाऱ्याकडे जास्त पैसे जमतील, आणि रिबॅलन्सिंग करणाऱ्याने हे आधीच गृहीत धरलेलं बरं. उलट टोकाला जपान आहे. तिथला निक्केई निर्देशांक १९८९च्या अखेरीस ३८,९१५वर होता. पुढची तीन वर्षं तो दर वर्षी पडला आणि १९९२च्या शेवटी १६,९२४वर आला. दर डिसेंबरला रोखे विकून शेअर घेणाऱ्या जपानी माणसाने तिन्ही वेळा पडत्या बाजारात भर घातली. निक्केईने १९८९ची उंची ओलांडली ती थेट फेब्रुवारी २०२४मध्ये. म्हणून रिबॅलन्सिंग हा जास्त कमावण्याचा उपाय आहे असं जो सांगतो, त्याच्यावर फार विश्वास ठेवू नये. थोरलीला मिळालेले वरचे दोन लाख हे बक्षीस होतं, हक्काची कमाई नव्हे.

दुसरी मर्यादा याहून महत्त्वाची. पडलेल्यात घालायचं हा नियम संपूर्ण बाजाराला लागू आहे, एकेका कंपनीला नाही. सत्यम तेव्हा सेन्सेक्सच्या तीस कंपन्यांपैकी एक होती. थोरलीच्या इंडेक्स फंडात तिचा छोटासा वाटा होता. घोटाळा उघड झाल्यावर ती निर्देशांकातून गेली, तिच्या जागी दुसरी आली, आणि फंड पुढे चालू राहिला. पण ज्याने स्वतः पाच कंपन्या निवडून, जी पडेल तिच्यात दर वर्षी भर घालायची असा नियम केला असेल, तो अशा एखाद्या कंपनीत शेवटपर्यंत पैसे ओतत राहील. कंपनी कायमची बुडू शकते, तिच्या परत वर येण्याची काही हमी नसते. एखाद्या विशिष्ट क्षेत्राच्या फंडालाही हीच भीती थोड्या प्रमाणात आहे.

प्रत्यक्ष करायचं कसं, तर आधी सगळा पैसा एका कागदावर आणावा. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. लोक फक्त म्युच्युअल फंडाच्या ॲपमधले आकडे बघतात आणि "माझं सगळं शेअरमध्ये आहे" म्हणून घाबरतात. भविष्य निर्वाह निधीत साचलेले वीस लाख त्यांच्या लेखी गुंतवणूकच नसते. पीएफ, पीपीएफ, मुदत ठेवी हे सगळं स्थिर बाजूला धरायचं. राहतं घर धरायचं नाही, आणि अंगावरचे दागिनेही नाहीत, कारण ते विकून कुणी प्रमाण जागेवर आणणार नाही. मग शेअरचा भाग एकूण किती टक्के आहे ते काढायचं. ठरलेल्या प्रमाणापेक्षा पाच टक्क्यांच्या आत फरक असेल, म्हणजे पन्नासाच्या जागी चोपन्न झाले असतील, तर वही मिटून पुढच्या वर्षापर्यंत विसरून जावं. त्याहून जास्त असेल तरच हलवाहलव करायची. दर महिन्याला हे करण्यात खर्च आणि कर वाढतात. जोखीम त्या मानाने फारशी आणखी कमी होत नाही.

थोरलीच्या काळात कराची चिंता नव्हती. १ ऑक्टोबर २००४पासून वर्षभर ठेवलेल्या शेअर आणि शेअर फंडांच्या नफ्यावर कर नव्हता, तो एप्रिल २०१८पासून पुन्हा आला. २३ जुलै २०२४पासूनच्या नियमांनुसार वर्षाहून जास्त ठेवलेल्या शेअर फंडावरचा आर्थिक वर्षातला सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त आहे आणि त्यापुढे साडेबारा टक्के कर लागतो. वर्षाच्या आत विकलं तर कर वीस टक्के. लक्षात घ्यायचं ते हे की कर विकलेल्या रकमेवर लागत नाही, तिच्यातल्या नफ्यावर लागतो. पावणेदोन लाखांचे युनिट विकले आणि ते मुळात पंचाहत्तर हजारांना घेतलेले होते, तर नफा एक लाख. दुसरीकडे कुठे नफा झाला नसेल तर कर शून्य. फंडातून काढताना सगळ्यात जुने युनिट आधी विकले गेले असं धरतात, त्यामुळे बऱ्याच वर्षांच्या एसआयपीत थोडेच पैसे काढले तर ते युनिट सहसा वर्ष उलटलेलेच असतात. रक्कम मोठी असेल तर अर्धी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आणि अर्धी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात विकावी, म्हणजे दोन आर्थिक वर्षांची सूट वापरता येते. एका फंडातून दुसऱ्यात 'स्विच' केलं की पैसे आपल्या खात्यात येतच नाहीत, म्हणून कर नाही अशी पुष्कळांची समजूत आहे. कायद्याच्या लेखी तीही विक्रीच.

स्थिर बाजूकडून शेअरकडे यायची वेळ आली की वेगळी अडचण उभी राहते. पीपीएफचे पैसे पंधरा वर्षांसाठी अडकलेले असतात, पीएफ नोकरीत असताना मनाला येईल तेव्हा काढता येत नाही. कागदावर स्थिर भाग साठ टक्के दिसतो, पण त्यातला हलवता येण्याजोगा पाचच टक्के असतो. २००८सारख्या वर्षी असा माणूस इच्छा असूनही थोरलीसारखं वागू शकला नसता. म्हणून स्थिर भागातला काही हिस्सा तरी मोडता येणाऱ्या ठेवीत किंवा डेट फंडात ठेवायला हवा.

पगार चालू असताना विकण्याची गरज पुष्कळदा नव्या पैशानेच भागते. महिन्याला वीस हजार बाजूला पडत असतील आणि शेअर फुगले असतील, तर वर्षभर ते वीस हजार स्थिर बाजूला वळवायचे. विक्री नाही, कर नाही, आणि मुख्य म्हणजे काही गमावल्यासारखं वाटत नाही. मात्र साठलेली रक्कम मोठी झाली की हा मार्ग अपुरा पडतो. एक कोटीच्या खात्यात शेअरचा भाग दहा टक्क्यांनी वाढला, म्हणजे दहा लाख जास्त झाले. वर्षाचे दोन लाख चाळीस हजार त्याला कुठे पुरणार? तिथे विकावंच लागतं.

निवृत्तांचं काम त्या मानाने सोपं असतं, कारण त्यांना दर वर्षी खर्चाला पैसे काढायचेच असतात. ज्या वर्षी शेअर वाढले असतील, त्या वर्षी पुढच्या बारा महिन्यांचा खर्च शेअर फंडातून काढायचा. ज्या वर्षी पडले असतील, त्या वर्षी तो ठेवींतून करायचा आणि फंडाला हात लावायचा नाही. पन्नास लाखांतून वर्षाला तीन लाख काढणाऱ्या घरात साधारण वर्षी एवढ्याने प्रमाण बऱ्यापैकी जागेवर राहतं. २००७सारख्या वर्षी मात्र ते पुरत नाही. निम्मं-निम्मं असलेल्या त्या पन्नास लाखांचे वर्षअखेरीस साडेत्रेसष्ट लाख झाले असते, तीन लाख काढूनही शेअरमध्ये स्थिर भागापेक्षा सात लाख जास्त उरले असते, आणि आणखी साडेतीन लाखांचा फंड विकायला बसावंच लागलं असतं.